बरणी तीच, ओटा नवा

सोलापुरातल्या गिऱ्हाइकाला शेंगा चटणीचा फोटो लागत नाही. दुकानात उभ्या उभ्या तो चिमूटभर चटणी तळहातावर घेतो, जिभेवर टाकतो, आणि लसूण किती पडलाय, कुटताना दाण्याला तेल सुटलंय की नाही, हे त्याला तिथंच कळतं. पुण्या-मुंबईतल्या किंवा न्यू जर्सीतल्या गिऱ्हाइकापुढे मात्र चित्राशिवाय काहीच नसतं. त्यामुळे गेल्या काही वर्षांत चटणी कुटणाऱ्या घरांना आणि बचत गटांना कांडपाच्या जोडीला आणखी एक काम लागलं आहे, फोटोचं.

त्यातला पहिला फोटो सोपा असतो. ॲमेझॉनसारख्या ठिकाणी मुख्य चित्राची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी लागते, म्हणजे लाल, हिरवा, निळा या तिन्ही रंगांची किंमत २५५, आणि वस्तूनं चौकटीचा निदान ८५ टक्के भाग व्यापावा लागतो. इथं कल्पकतेला वाव नाही आणि गरजही नाही. अडचण पुढच्या चित्रांपासून सुरू होते. त्यात बरणी स्वयंपाकघरात दिसायला हवी, शेजारी भाकरी हवी, खिडकीतून ऊन यायला हवं. धंद्यातली माणसं याला ‘लाइफस्टाइल फोटो’ म्हणतात. पूर्वी यासाठी स्टुडिओ, भांडीकुंडी, मांडणी करणारा माणूस आणि अख्खा दिवस लागायचा. आता बरणीचा फोटो एआयच्या साधनाला दिला आणि एक वाक्य लिहिलं, की मिनिटभरात चित्र तयार होतं.

ते चित्र फोनवर झकास दिसतं. मग कुणीतरी दोन बोटांनी लेबल मोठं करून बघतं. ‘शेंगा’वरचा अनुस्वार गेलेला असतो. ‘चटणी’तल्या ‘ण’च्या काना-दांड्यांचा गुंता झालेला असतो. खालच्या बारीक मजकुराच्या जागी देवनागरीचा भास होईल अशा, पण कोणत्याच भाषेत नसलेल्या मुंग्यांची रांग असते. झाकण थोडं उंच झालेलं असतं आणि बरणीला नसलेली कंबर आलेली असते. एकंदरीत, विकायला ठेवलेली बरणी ही नव्हेच.

ही पुस्तिका एवढ्याच प्रश्नाची आहे. ओटा, ऊन, ताट, भिंत सगळं नवं करायचं, पण बरणी आणि तिचं लेबल जसंच्या तसं ठेवायचं. त्यासाठी साधनाला विनवण्या करून भागत नाही. पहिल्या प्रकरणापासून शेवटपर्यंत मी एकच गोष्ट वेगवेगळ्या अंगांनी सांगणार आहे: बरणी एआयच्या हातात द्यायचीच नाही. तिच्या भोवतीचं जग त्याच्याकडून रंगवून घ्यायचं आणि शेवटी मूळ फोटोतली बरणी आपल्या हातानं परत ठेवायची.

असं का करावं लागतं हे समजायला चित्र तयार कसं होतं ते थोडं बघावं लागेल. स्टेबल डिफ्यूजन हे मॉडेल ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं, आणि आजची बरीचशी साधनं त्याच घराण्यातली आहेत. ही मॉडेल्स चित्राच्या ठिपक्यांवर थेट काम करत नाहीत. आधी चित्र आक्रसून घेतात. मूळ चित्रातला आठ बाय आठ ठिपक्यांचा प्रत्येक चौकोन एका घरात कोंबला जातो. त्या चौकोनात रंगांच्या ६४ गुणिले ३, म्हणजे १९२ किमती असतात आणि घरात उरतात फक्त चार आकडे. (नंतरच्या काही मॉडेलांत सोळा.) सगळी रंगरंगोटी या आक्रसलेल्या रूपावर होते आणि शेवटी त्याच्यावरून पूर्ण चित्र पुन्हा उलगडलं जातं. लांबलचक पत्राचा चार ओळींत सारांश लिहावा आणि दुसऱ्यानं त्या सारांशावरून मूळ पत्र पुन्हा लिहून काढावं, तसा हा प्रकार. आशय बराचसा उतरतो, अक्षरं उतरत नाहीत.

आता आपली बरणी घेऊ. २०० ग्रॅमची, साधारण ७ सेंटिमीटर व्यासाची. चित्र १०२४ ठिपके रुंद आहे आणि बरणीनं त्याचा एक तृतीयांश भाग घेतला आहे, म्हणजे ती सुमारे ३४० ठिपके रुंद झाली. एका सेंटिमीटरला अठ्ठेचाळीसेक ठिपके मिळाले. लेबलवर एफएसएसएआयचा परवाना क्रमांक असतो, चौदा अंकी. तो अडीच सेंटिमीटरात छापलेला असेल, तर सगळ्या अंकांना मिळून १२० ठिपके येतात आणि एका अंकाच्या वाट्याला जेमतेम साडेआठ. थोडक्यात, एक अंक एका घरात. ‘३’ होता की ‘८’, हे त्या घरातल्या चार आकड्यांवरून ठरणार. उलगडणारं यंत्र तिथं अंदाज करतं आणि अंकासारखं दिसेल असं काहीतरी काढून ठेवतं. शाकाहारी चिन्हातलं हिरवं वर्तुळ ३ मिलिमीटरचं असेल तर ते पंधराएक ठिपक्यांत, म्हणजे दोन घरांत बसतं. मांसाहारी पदार्थाचं चिन्ह आता चौकोनातला तपकिरी त्रिकोण आहे, म्हणजे दोन्हींत फरक रंगाचा आणि आकाराचाच. तिखटाच्या लालसर पसाऱ्यात दोन घरांच्या हिरव्या वर्तुळाचा रंग आणि आकार किती टिकेल, याचा भरवसा धरता येत नाही.

इथं एक चकवा आहे, आणि जाणती माणसंही त्यात फसतात. बहुतेक साधनांत चित्राचा काही भाग ‘राखीव’ ठेवायची सोय असते. त्या राखणीच्या आकृतीला मास्क म्हणतात. मास्क लावला म्हणजे बरणी सुरक्षित राहिली, अशी समजूत होते. पण काही साधनांत राखलेला भागही आक्रसून आणि उलगडूनच बाहेर येतो. तिथं बरणी नव्यानं रंगवलेली नसते, तरी ती त्या अरुंद दारातून जाऊन आलेली असते. मोठी अक्षरं ठीक दिसतात आणि बारीक मजकूर मात्र विरघळतो. त्यामुळे मास्क लावला तरी शेवटी मूळ बरणी परत ठेवण्याचं काम सुटत नाही.

बोलून काम करून घेण्याची साधनं २०२५ पासून फार पुढे गेली. ‘लेबल बदलू नकोस’ असं सांगितलं की ती बऱ्याच अंशी ऐकतात. रोमन लिपीतलं ठळक नाव तर बहुतेक वेळा बरोबर उतरतं आणि देवनागरीही पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारली आहे. माझ्या मते धोका यामुळे वाढला. पूर्वीचं बिघडलेलं लेबल इतकं उघड बिघडलेलं असायचं की शेंबडं पोरही बोट दाखवायचं. आताची चूक वाचता येते. ‘२०० ग्रॅम’चं सफाईदार ‘२५० ग्रॅम’ होतं, आणि घटकांच्या यादीत लसणाच्या जागी एखादा भलताच जिन्नस नीटनेटक्या अक्षरांत येऊन बसतो. ही साधनं सगळं चित्रच नव्यानं काढतात. तुमची सूचना त्यांच्यासाठी विनंती असते, कुलूप नव्हे.

निव्वळ वजन, किंमत, उत्पादकाचं नाव-पत्ता वगैरे गोष्टी २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनी ठरवून दिलेल्या आहेत आणि फसवी जाहिरात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात येते. चित्रातल्या बरणीवर अडीचशे ग्रॅम आणि घरी आलेल्या बरणीवर दोनशे, यावर ‘एआयनं केलं’ हे उत्तर गिऱ्हाईकही ऐकून घेणार नाही. कायद्याबद्दल इथं एवढंच पुरे. पुस्तिकेचा भर कामावर आहे.

काम सुरू होतं खऱ्या फोटोपासून, आणि निम्मी लढाई तिथंच जिंकली किंवा हरली जाते. आधी दृश्य ठरवायचं, मग फोटो काढायचा. ओट्यावर ठेवलेली बरणी आपण थोडी वरून बघतो. बरणी समोरून, लेबलच्या उंचीवर कॅमेरा धरून टिपली आणि दृश्यात ओट्याचा पृष्ठभाग वरून दिसत असला, तर ती ओट्यावर बसत नाही, चिकटवल्यासारखी दिसते. नंतर कितीही रंग फासले तरी हा दोष जात नाही. म्हणून कॅमेरा बरणीच्या किती वर आहे ते ठरवून घ्यावं. हे तपासायला एक साधी खूण आहे. गोल झाकण वरून बघितलं की लंबगोल दिसतं. त्या लंबगोलाची उंची भागिले रुंदी काढा. कॅमेरा वीसेक अंशांनी खाली झुकलेला असेल तर उत्तर ०.३४ च्या आसपास येईल. एआयनं काढलेल्या दृश्यातल्या ताटाचा किंवा वाटीचा लंबगोल असाच मोजा. ताट बरणीच्या झाकणापेक्षा खाली असल्यानं त्याचं उत्तर किंचित जास्त येईल, ०.३८ वगैरे, ते चालेल. पण ०.७ आलं, तर ते ताट कुणीतरी माळ्यावर चढून बघितलेलं आहे.

फोन बरणीला खेटून धरू नये. अगदी जवळून काढलेल्या फोटोत बरणीचं पोट सुटतं आणि तळ निमुळता होतो, म्हणजे एआयच्या आधी आपणच आकार बिघडवलेला असतो. मीटर-सव्वा मीटर मागं सरकून फोनमधलं दुप्पट जवळ आणणारं भिंग वापरावं. उजेड एकाच बाजूनं, खिडकीचा, मध्ये पांढरं पातळ कापड लावून. तो डावीकडून येतोय की उजवीकडून, हे कागदावर टिपून ठेवावं. दृश्यातली खिडकी त्याच बाजूला लागणार आहे. बरणीखाली आणि मागं करडा कागद असावा. चटणीच्या लाल बरणीमागं रंगीत कापड धरलं की त्याचा रंग प्लॅस्टिकच्या कडेवर उतरतो आणि नव्या दृश्यातही तिथंच चिकटून राहतो. पांढऱ्या कागदावर पांढरं लेबल आलं, तर कातरताना कड सापडत नाही. आणि हा फोटो मोबाइलवरून संगणकावर नेताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. एरवी पहिल्याच पायरीवर बारीक अक्षरांचा भुगा होतो.

मग बरणी कातरायची. आपोआप कातरणारी साधनं पुष्कळ आहेत, पण चकाकत्या झाकणाची कड आणि पारदर्शक प्लॅस्टिक या दोन जागी ती हमखास गोंधळतात. झाकणावरची पांढरी चमक त्यांना पार्श्वभूमी वाटते आणि तिथं चावा घेतल्यासारखा खळगा पडतो. मास्क मोठा करून कडेकडेनं फिरून हातानं दुरुस्त करावा लागतो. शेवटी कड एक-दोन ठिपके आत घ्यावी, म्हणजे करड्या कागदाची किनार बरणीबरोबर येत नाही. पारदर्शक बरणीत झाकणाखाली रिकामी जागा असेल, तर तिथून मागचा करडा कागद दिसत राहतो आणि नव्या ओट्यावरही दिसेल. त्यावर फोटोशॉपमधले उपाय आहेत आणि ते पुढे सांगितले आहेत. पण खरा उपाय स्वयंपाकघरातला आहे: फोटोसाठीची बरणी गळ्यापर्यंत भरा.

आता दृश्य. कातरलेली बरणी रिकाम्या चौकटीत अंतिम मापाला आणि अंतिम जागी ठेवायची, मास्क लावायचा आणि उरलेली जागा भरायला सांगायचं. इथं एक गोष्ट उलटीपालटी होते. बऱ्याच साधनांत मास्कचा पांढरा भाग म्हणजे ‘इथं रंगव’ आणि काळा म्हणजे ‘हात लावू नकोस’. बरणी पांढऱ्यात राहिली, तर रिकामी चौकट तशीच राहते आणि नवी बरणी उगवते. तसं झालं तर मास्क उलटा करा.

प्रॉम्प्टमध्ये बरणीचं नावही काढू नये. नवख्यांना हे पटत नाही. ‘ओट्यावर शेंगा चटणीची बरणी’ असं लिहिलं, की मॉडेल इमानेइतबारे आणखी एक बरणी काढतं, मागं, शेजारी किंवा आपल्याच बरणीला जोडून. फक्त भोवतालचं लिहावं: काळ्या कडप्प्याचा ओटा, डावीकडे खिडकी, सकाळचा मऊ उजेड, मागची भिंत धूसर. तरीही मॉडेलला राखलेली वस्तू वाढवायची खोड असतेच. गोल बरणी दिसली की तिला कान फुटतो, तळाशी बैठक येते, झाकणावर दुसरं झाकण चढतं. मास्कच्या आतला भाग तोच असतो, पण बाहेर जोडलेल्या तुकड्यामुळे बरणीचा आकार बदललेला दिसतो. पुढे येणाऱ्या फरकाच्या तपासणीला हा दोष सापडत नाही, कारण ती मास्कच्या आतच बघते. हा डोळ्यांनीच शोधावा लागतो. कातरलेल्या बरणीची बाह्यरेषा चित्रावर ठेवा आणि तिला लागून त्याच रंगाचं, त्याच चकाकीचं काही बाहेर गेलंय का बघा. गेलं असेल तर ते चित्र टाकून द्या. दुरुस्त करत बसण्यापेक्षा नवं काढणं स्वस्त पडतं. कडेच्या रेषा पाळायला लावणारी कंट्रोलनेटसारखी जोड वापरली, तर हा प्रकार कमी होतो.

दृश्य पसंत पडलं की ते मोठं करायचं, समजा १०२४ चं २०४८. मोठं करणारी एआयची साधनंही अक्षरं पुन्हा ‘काढतात’, हे पुष्कळांना माहीत नसतं. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी दृश्य मोठं करा, बरणी नंतर ठेवा. बरणी ठेवताना मास्क लावलेली लहान बरणी घ्यायची नाही, कॅमेऱ्यातला मूळ मोठा फोटो घ्यायचा. त्यात बरणी १५०० ठिपके रुंद असते, ती २०४८ च्या चित्रात ६८० पर्यंत लहान होते, आणि परवाना क्रमांकाच्या प्रत्येक अंकाला सतराएक ठिपके मिळतात. ते वाचता येतात. लांबी आणि रुंदी एकाच प्रमाणात लहान करायची, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगतो, कारण घाईत एकच बाजू ओढली जाते आणि बरणी सडपातळ होते.

परत ठेवलेली बरणी पहिल्यांदा हमखास तरंगते. ती टेकल्यासारखी वाटायला दोन सावल्या लागतात. एक लांब आणि फिकी, खिडकीच्या विरुद्ध बाजूला पडलेली. ती एआयनं बहुतेक काढलेली असते, कारण त्यानं बरणी बघूनच ओटा रंगवला आहे. दुसरी अगदी तळाशी, बरणी जिथं टेकते तिथं, दोन-तीन मिलिमीटरची आणि जवळजवळ काळी. हीच नेमकी हरवते. तिच्यासाठी करड्या कागदाचा फायदा असा, की मूळ फोटोत ही सावली खरीखुरी पडलेली असते. बरणीखालची ती पट्टी वेगळी कापून ‘मल्टिप्लाय’च्या थरात ओट्यावर ठेवली, की बरणी बसते.

रंगाचं काय? दृश्यात सकाळचं पिवळसर ऊन असेल आणि बरणी करड्या उजेडात टिपलेली असेल, तर ती परकी वाटते. सगळ्या बरणीला एकच हलकी पिवळसर छटा द्यायला माझी हरकत नाही. लेबल आणि चटणी दोन्ही एकत्र बदलतात आणि डोळा ते उजेड म्हणून वाचतो. पण नुसत्या चटणीला जास्त लाल करणं, तिच्यावर तेलाची चमक वाढवणं, हे मी करत नाही आणि पुस्तिकेतही शिकवलेलं नाही. प्रकाश बदलणारी खास साधनं आहेत, ती बरणीवर नव्या खिडकीचं प्रतिबिंबही काढून देतात, पण त्यासाठी बरणी पुन्हा त्यांच्या हातात द्यावी लागते. म्हणजे फिरून तिथंच. वापरायचीच असतील तर झाकणापुरती वापरा, लेबलवर नको.

छटा देण्याआधी चित्र PNG म्हणून साठवा आणि तपासणी करा. मूळ बरणी त्याच मापाच्या, त्याच जागेच्या चौकटीत ठेवलेली फाइल, तयार चित्र आणि त्याच मापाचा, बरणी पांढरी असलेला मास्क एवढं पुरतं. पायथनमध्ये काम आठ-दहा ओळींचं आहे:

```python
from PIL import Image, ImageChops

mul   = Image.open("mul.png").convert("RGB")
tayar = Image.open("tayar.png").convert("RGB")
mask  = Image.open("mask.png").convert("L")  # पांढरं = बरणी

farak = ImageChops.difference(mul, tayar)
kala  = Image.new("RGB", mul.size)
farak = Image.composite(farak, kala, mask)
print(farak.getextrema())
farak.point(lambda v: min(255, v * 8)).save("farak.png")
```

बरणी खरोखर परत ठेवलेली असेल, तर आतला सगळा भाग काळा येतो. कडेवर बारीक रेघ उजळली तर ती कड मऊ केल्याची खूण आहे, काळजी नको. पण लेबलच्या जागी अक्षरांचे राखाडी सापळे दिसले, तर कुठल्या तरी पायरीवर लेबल पुन्हा रंगवलं गेलं आहे किंवा बरणी एखाद-दुसऱ्या ठिपक्यानं सरकली आहे. दोन्हींतला फरक ओळखता येतो. सरकली असेल तर प्रत्येक अक्षराच्या समोरासमोरच्या कडांना उजळ किनार येते, रंगवलं असेल तर उजळपणा अक्षरभर विखुरतो. ज्यांना कोडच्या वाटेला जायचं नाही, त्यांनी दोन्ही चित्रं एकावर एक ठेवून वरचं झपझप चालू-बंद करावं. हललेलं अक्षर लगेच डोळ्यांत भरतं. आणि या सगळ्यानंतरही ज्या व्यक्तीनं लेबल छापून घेतलं, तिनं चित्र पूर्ण मोठं करून एकेक ओळ मोठ्यानं वाचावी. कारण ज्या बरणीचा फोटो काढला तिच्यावरच जुनं लेबल असण्याची चूक कुठलंही यंत्र पकडत नाही.

बरणी तशीच राहिली म्हणजे चित्र खरं झालं, असंही नाही. भोवतालचं जगही गिऱ्हाइकाला काहीतरी सांगत असतं. ‘भारतीय स्वयंपाकघर’ म्हटलं की मॉडेल संगमरवरी बेट, पितळेच्या समया आणि झेंडूच्या माळा घेऊन येतं. सोलापुरातल्या ओट्यावर काळा कडप्पा असतो, खाली शहाबादी फरशी, बाजूला स्टीलचं पिंप. हे शब्द इंग्रजीत लिहून, ‘गुळगुळीत काळा दगड’ असं समजावून सांगितलं तर मॉडेल त्याच्या जवळपास पोचतं. भाकरीपाशी मात्र ते हरतं. कडक भाकरी मागितली की नान येतो, फुलका येतो, फार तर पापड येतो. शिवाय मापं चुकतात. ७ सेंटिमीटरच्या बरणीशेजारी भाकरी तिच्या अडीच-तीनपट रुंद दिसायला हवी. मॉडेल ती बरणीएवढीच काढतं, आणि बघणाऱ्याला २०० ग्रॅमची बरणी किलोभराची वाटते. आकार न बदलता बरणी मोठी भासवण्याचा हा प्रकार मला लेबल बिघडण्याइतकाच गैर वाटतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या मुलखात बसून भाकरी यंत्राकडून काढून घेण्यातही काही शहाणपणा नाही. ज्या दिवशी बरणीचा फोटो, त्याच दिवशी, त्याच खिडकीपाशी, त्याच कोनातून खरी भाकरी आणि वाटीतली चटणी टिपून ठेवावी आणि त्यांनाही मास्कखाली घ्यावं. मॉडेलकडे उरतो ओटा, भिंत आणि ऊन.

सोलापूर म्हटल्यावर चादरीचा प्रश्न येणारच. भौगोलिक मानांकन मिळालेली ही चादर विकणारेही विचारतात, की घडी घातलेल्या चादरीचा फोटो देतो, ती पलंगावर पसरून दाखवता येईल का. चित्र निघतं, फार सुंदर निघतं, आणि ते खोटं असतं. बरणी कडक आहे. तिचं जे दिसतं तेच राखायचं असतं. चादर पसरली की घडीच्या आत लपलेली वीण दिसायला लागते आणि ती फोटोत कधी आलेलीच नसते. जॅकार्डच्या मागावर विणलेल्या नक्षीत एक फूल किती धाग्यांनंतर पुन्हा येतं, काठ कुठे संपतो, उलट्या बाजूला रंग कसे पालटतात, हे सगळं ठरलेलं असतं. मॉडेल त्याच्यासारखं काहीतरी विणून देतं. काठाजवळ फुलं मोजली की पाच-सहा फुलांनंतर अंतर चुकायला लागतं, चुणीपाशी एक ओळ गायब होते. तेव्हा चादरीसाठी नियम साधा ठेवला आहे: पसरलेली दाखवायची असेल तर खरोखर पसरून, चुण्यांसकट टिपायची, आणि एआयकडून फक्त पलंगामागची खोली घ्यायची. घडी दाखवायची असेल तर घडीच राहू द्यायची. हेच तत्त्व टॉवेल, साडी आणि पाऊचलाही लागू पडतं. चटणीचा पाऊच मऊ असतो, म्हणून त्याला उभा करण्याचं काम फोटोच्या वेळी पाठीमागं पुठ्ठा लावून करावं, नंतर यंत्राकडून नव्हे.

शेवटचं प्रकरण फायली जपून ठेवण्याबद्दल आहे आणि ते वाचकांनी टाळू नये अशी विनंती आहे. प्रत्येक दृश्याबरोबर चार गोष्टी एकाच फोल्डरमध्ये ठेवा: कॅमेऱ्यातला मूळ फोटो, मास्क, बरणीशिवायचं मोठं केलेलं दृश्य आणि थर शाबूत असलेली फोटोशॉपची फाइल. सोबत कॅमेऱ्याची उंची, बरणीपासूनचं अंतर आणि उजेडाची बाजू लिहिलेला कागद. दाण्याचे भाव वाढले की बरणीवरची किंमत बदलते, कधी पत्ता बदलतो. तेव्हा दृश्य नव्यानं काढायचं कारण नाही. नव्या लेबलची बरणी त्याच उंचीवरून, त्याच अंतरावरून टिपायची आणि थरातली जुनी बरणी काढून तिथं नवी ठेवायची. ओटा, भाकरी आणि सावली जागच्या जागी असतात.